‘लोकांना हेच हवं असतं’ असं म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते आणि कथाविभागात काम करणारी सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मालिकांवर कुणी टीका केली की तुमच्याकडून एकच उत्तर येतं. मुलाखतीत येतं, परिसंवादात येतं, पुरस्कार सोहळ्याच्या भाषणातही येतं. ‘लोकांना हेच हवं असतं. नको असतं तर टीआरपी आला असता का?’ हे पत्र मी त्या एका उत्तराबद्दल लिहिते आहे. मला ते खोटं वाटतं, आणि ते कसं खोटं आहे हे शांतपणे मांडता येईल असंही वाटतं.

आधी एक सांगते. मी पदवीच्या मुलांना माध्यमांचा विषय शिकवते. माझ्या घरी, आणि माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी, संध्याकाळी सात ते दहा टीव्ही सुरू असतो. दिवसभर राबून आलेल्या बाईला तो अर्धा तास किती हवासा असतो, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मालिका बघणाऱ्यांना कमी लेखायचा इथे प्रश्नच नाही. त्यांना कमी कोण लेखतं, ते पुढे येईलच.

तुमच्या त्या उत्तराला ऐंशी वर्षांपूर्वीच एक प्रत्युत्तर मिळालेलं आहे. हिटलरमुळे देशोधडीला लागलेले दोन जर्मन विचारवंत, थिओडोर अडॉर्नो आणि माक्स होर्कहायमर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजलिसमध्ये राहत होते. हॉलिवूड अगदी शेजारी. तिथे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रती १९४४ मध्ये मोजक्या लोकांत फिरल्या आणि १९४७ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला रीतसर छापून आलं. त्यातलं एक प्रकरण संस्कृती-उद्योगावर आहे. सिनेमा, रेडिओ, मासिकं यांतून येणारी करमणूक लोकांमधून वर आलेली नसते, ती वरून ठरवून, साच्यात घालून, विक्रीसाठी तयार होते, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९६३ च्या एका भाषणात अडॉर्नोने आणखी स्पष्ट सांगितलं, की हा उद्योग ग्राहकाला राजा म्हणवतो, पण प्रत्यक्षात ग्राहक हा त्याच्या हिशेबातला एक आकडा असतो.

त्यांचं निरीक्षण असं, की अशा मालाला दोन थर असतात. आतला सांगाडा सगळीकडे सारखा, आणि वरचे तपशील बदलते. तपशील बदलल्यामुळे प्रत्येक वस्तू नवी वाटते आणि आपण निवड केली असं ग्राहकाला वाटतं. निवड मात्र झालेली नसते.

ऐंशी वर्षांपूर्वीचं, परक्या देशातलं हे म्हणणं आपल्याकडे लागू पडतं का? तुमच्याच घरातलं उदाहरण घेऊन बघू. जून २०१९ मध्ये स्टार जलशा या बंगाली वाहिनीवर ‘श्रीमोई’ सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ आली, आणि जुलै २०२० मध्ये स्टार प्लसवर ‘अनुपमा’. त्याच समूहाच्या तेलुगू, तमिळ, मल्याळम आणि कन्नड वाहिन्यांवरही हीच गोष्ट गेली. पंचवीस वर्षं घरासाठी खपलेली, फारशी न शिकलेली बाई. दोन मुलगे, एक मुलगी. टोचून बोलणारी सासू. नवऱ्याचे ऑफिसातल्या सहकारी बाईशी संबंध. ते उघड होणं, घटस्फोट, त्या दुसऱ्या बाईचं सून म्हणून त्याच घरात येणं. मग नायिकेच्या तरुणपणचा, तिच्यावर मनातून प्रेम करत राहिलेला, आता सधन झालेला मित्र परत येणं. बंगालीत तो रोहित सेन, हिंदीत अनुज कपाडिया, मराठीत आशुतोष केळकर. श्रीमोई, अनुपमा, अरुंधती. ज्यून, काव्या, संजना.

रूपांतर हे काही पाप नव्हे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला आणि मराठी रंगभूमी त्यामुळे समृद्धच झाली. पण देवलांनी ते परकं नाटक एकदाच उचललं, आपल्या मातीत रुजवलं आणि रंगमंचावर त्याचं काय व्हायचं ते होऊ दिलं. इथे एकाच वेळी सात भाषांत एकच आराखडा चालतो. बंगालीत दुर्गापूजा, मराठीत गौरी-गणपती, गुजराती घरात गरबा. मराठी घरातली पैठणी, नथ, मंगळागौरीची फुगडी, देव्हाऱ्यातली आरती हे सगळं आपल्याला ‘आपलं’ वाटावं म्हणून नेमकं निवडलेलं असतं. सण कॅलेंडरप्रमाणे येतात आणि त्या आठवड्यात घरातलं भांडण सणाच्या दिवशीच पेटतं. या वस्तू आपल्या आहेत, पण त्या बदलून दुसऱ्या घातल्या तरी गोष्टीचं काहीच बिघडत नाही. मराठी घरात घडते म्हणून गोष्ट वेगळी वळली, असं एखादं वळण शोधून बघा. मला फार थोडी सापडली.

यात मला सगळ्यात जास्त रुखरुख लावणारी बाब वेगळीच आहे. या मालिकेचा मूळ प्रश्न खरा होता. घरातल्या बाईचं काम कुणाला दिसत नाही, त्याला मोल नाही, आणि तिची स्वतःचीच मुलं ‘आई कुठे काय करते?’ असं विचारतात. आपल्याकडे घराघरांत हे घडतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत बायका ही मालिका बघून अस्वस्थ होत होत्या, आपापसांत बोलत होत्या, हे मी ऐकलेलं आहे. लेखकांनी आणि अरुंधती साकारणाऱ्या मधुराणी प्रभुलकरांनी ते मनापासून केलं होतं.

मग त्या प्रश्नाचं काय झालं? अरुंधती गाऊ लागली. तिचा आवाज असामान्य निघाला, तिला संधी मिळाली, नाव मिळालं. हिंदीतल्या अनुपमाच्या अंगी नृत्य निघालं. म्हणजे घरकामाला मोल का नाही, या प्रश्नाचं उत्तर ‘ती घरकामाशिवाय दुसऱ्या कशात तरी फार हुशार होती’ असं मिळालं. जिला गाता येत नाही, नाचता येत नाही, जी फक्त तीस वर्षं चांगला स्वयंपाक करते आणि आजारी सासऱ्यांची लघवी-शी काढते, तिच्या कामाचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला. प्रश्न सगळ्या घरांच्या व्यवस्थेचा होता. उत्तर एका बाईच्या प्रतिभेचं निघालं.

अडॉर्नोने १९५४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर एक लेख लिहिला. त्यात त्याने एका विनोदी मालिकेचं उदाहरण दिलं आहे. त्यातली नायिका तरुण शिक्षिका आहे, तिला पगार इतका कमी की धड जेवायलाही मिळत नाही. कुणाकडून तरी जेवण उपटण्याच्या तिच्या खटपटींवर विनोद बेतलेले असतात. ती हजरजबाबी आहे, उमेदीची आहे, कधी हार मानत नाही. अडॉर्नो म्हणतो, यातून न बोलता एक गोष्ट शिकवली जाते. तुमच्यापाशी विनोदबुद्धी आणि चांगुलपणा असेल तर उपाशीपोटी पगाराची तक्रार करायचं कारण नाही. शिक्षिकेचा पगार इतका कमी का, हे त्या मालिकेत कुणीच विचारत नाही. मालिकेने प्रेक्षकाला ‘विचार करू नका’ असं बजावलेलं नाही. तिने त्याला हसवलं, आणि त्या हसण्यात तो प्रश्न विरून गेला. आपल्याकडे तेच रडण्यातून होतं.

आता, मालिका प्रश्नापासून अशी का सरकते याची कारणं तुमच्या कामाच्या पद्धतीतच आहेत आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. दैनंदिन मालिकेला आठवड्याला सहा भाग लागतात. आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक बहुतेक वेळा दोनचार भागांचीच असते, कधी तेवढीही नसते. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, आणि कुणालाही शेवट माहीत नसतो, कारण शेवट ठरलेलाच नसतो. दर गुरुवारी आकडे येतात आणि ट्रॅक वाढवायचा की आटपायचा ते त्यावरून ठरतं. सेट उभा आहे, नटांचे करार झालेले आहेत, जाहिरातीची वेळ विकलेली आहे. अशा वेळी नायिका खरोखरच घराबाहेर पडली तर सगळंच अडतं. म्हणून ती घटस्फोट घेते, गाते, दुसरं लग्न करते, दुसऱ्या नवऱ्याचा मृत्यू होतो, आणि तरी पाच वर्षं गोष्ट देशमुखांच्या त्याच दिवाणखान्याकडे फिरून फिरून येते. तिला बांधून ठेवणारा पुरुषसत्ताक समाज गोष्टीत आहेच, पण तो नसता तरी सेटच्या भाड्याने तिला तिथेच ठेवलं असतं.

हे झालं अभिरुचीच्या साच्याबद्दल. विचार करण्याच्या सवयीचं काय होतं, ते मी वर्गात बघितलं आहे.

मी मुलांना एक साधा प्रयोग करायला लावते. मालिकेचा एक भाग लावायचा आणि डोळे मिटून फक्त ऐकायचा. नंतर काय घडलं ते लिहून काढायचं. मग तोच भाग डोळे उघडे ठेवून बघायचा आणि काय राहून गेलं ते शोधायचं. जवळजवळ काहीच राहत नाही. कोण आलं, ते नावाने हाक मारून सांगितलेलं असतं. खलनायिका खोलीत एकटी असते तरी आपला बेत मोठ्याने बोलून दाखवते. नायिका रडते, त्याआधीच बासरी किंवा सारंगी सुरू होते. कुणी धक्कादायक वाक्य बोललं की दिवाणखान्यातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेक करून दिसतो, प्रत्येकावर तोच ‘ढॅण्ण’ आवाज, आणि सात चेहरे झाले की ब्रेक. ब्रेकनंतर ते वाक्य पुन्हा. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पुन्हा.

याचंही कारण आहे आणि ते मला मान्य आहे. या प्रकाराचा उगमच रेडिओवर झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेत साबणाच्या कंपन्यांनी दुपारच्या वेळी गृहिणींसाठी रेडिओवर मालिका पुरस्कृत केल्या. ऐकणारी बाई भांडी घासत असे, म्हणून सगळं बोलून आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागे. आपल्याकडेही सात वाजता बाई पोळ्या लाटत असते. तिचं लक्ष स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांत विभागलेलं असतं, हे तुम्ही ओळखलंत. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढलात? तिला काहीही स्वतःहून जुळवू द्यायचं नाही. कुणाच्याही चेहऱ्यावरून मनातलं ओळखायची संधी द्यायची नाही. एखाद्या माणसाबद्दल तिचं मत बनायच्या आधी संगीताने ते बनवून टाकायचं.

अडॉर्नो आणि होर्कहायमर यांनी बोलपटाबद्दल लिहिलं होतं, की चित्रं इतक्या भरभर पुढे जातात की त्यांच्यामागे धावताना प्रेक्षकाला स्वतःचा विचार करायला उसंतच मिळत नाही. तुम्ही तेच काम अतिशय संथपणे करून दाखवलं आहे. इथे उसंत भरपूर आहे, पण विचार करावा असं त्या उसंतीत काहीच शिल्लक ठेवलेलं नसतं.

याच प्रयोगाचा दुसरा भाग म्हणून मी ‘सैराट’चा शेवट लावते. २०१६ चा नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट महाराष्ट्रात कुणी पाहिला नाही असं नाही, म्हणून शेवट उघड करायला हरकत नाही. हैदराबादेतल्या छोट्याशा घरात आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात. ती चहा ठेवते. परशा आणि ती पाहुण्यांना चहा देतात. लहान मुलगा शेजारणीबरोबर बाहेर गेलेला आहे. तो परत येतो, शेजारीण त्याला दारात सोडून जाते. आत आई-वडिलांची प्रेतं पडलेली असतात. आवाज पूर्णपणे बंद. मूल रडतं, पण रडणं ऐकू येत नाही. ते वळतं आणि रक्ताने भरलेल्या इवल्या पावलांचे ठसे उमटवत बाहेर चालत जातं. संगीत नाही, संवाद नाही.

डोळे मिटून हे ऐकणाऱ्या मुलांना काहीच कळत नाही. बघणाऱ्यांना सगळं कळतं, आणि हत्या कुणी केली, कधी केली, कशासाठी केली हे एकाही पात्राने सांगितलेलं नसतं. ते प्रेक्षक स्वतः जुळवतो. जुळवल्यामुळेच तो हादरतो, कारण निष्कर्ष त्याचा स्वतःचा असतो आणि तो झटकून टाकता येत नाही.

आता सांगा, हा चित्रपट कुणी पाहिला? निवडक चित्रपट-महोत्सवातल्या मंडळींनी? गावोगावच्या एकपडदा टॉकीजमध्ये पहाटेचे खेळ लावावे लागले. तोवर कुठल्याही मराठी चित्रपटाने कमावले नव्हते तेवढे पैसे त्याने कमावले. ज्या बाईला सात वेळा तोच चेहरा दाखवल्याशिवाय कळणार नाही असं तुम्ही धरून चालता, तीच बाई त्या थिएटरात बसलेली होती. तिला ते निःशब्द दृश्य कळलं. कितीतरी वेळ लोक खुर्चीतून उठत नव्हते. प्रेक्षकाला कमी लेखणारं कोण आहे, ते मी इथेच सांगते. ते तुम्ही आहात.

उद्योगाने नंतर ‘सैराट’चं काय केलं, हेही तितकंच शिकण्यासारखं आहे. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अशी रूपांतरं झाली आणि २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ आला. उदयपूरचे महाल आणि तलाव आले. दोघंही दिसायला देखणी आली. जातीचा उल्लेख ओझरता उरला. मूळ गोष्टीत परशा कुणाचा आणि आर्ची कुणाची यावरच तर सगळं अवलंबून होतं. तो जातीचा धागा काढला की उरतं श्रीमंत मुलगी आणि गरीब मुलगा, जे हिंदी सिनेमाने शेकडो वेळा केलेलं आहे. ज्या टोकदार कडेमुळे मूळ वस्तू वेगळी होती, नेमकी तीच घासून गुळगुळीत झाली.

गाण्याचं तर आणखी वाईट झालं. ‘झिंगाट’ चित्रपटापासून सुटलं. आज महाराष्ट्रात डीजे असलेलं लग्न त्याच्याशिवाय पार पडत नाही. जात, पोटजात, कुळी, पत्रिका सगळं पाहून जमवलेल्या लग्नाच्या वरातीत, जातीबाहेर प्रेम केलं म्हणून मारल्या गेलेल्या जोडप्याच्या गोष्टीतलं गाणं वाजतं आणि नाचणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात विसंगती जाणवत नाही. तुकडा संपूर्ण कृतीपासून सुटून स्वतंत्रपणे विकला जातो, हेही अडॉर्नोने लिहून ठेवलं होतं. ‘सैराट’सारखी कृतीसुद्धा यातून सुटली नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. एखादा चांगला चित्रपट चालला म्हणजे उद्योग सुधारला, असं होत नाही.

आता टीआरपीकडे येते. तुमचा सगळा भरवसा त्यावर आहे.

देशात वीस कोटींहून अधिक घरांत टीव्ही आहे आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मीटरं पन्नास हजारांच्या वर घरांत आहेत. नमुना लहान आहे म्हणून आकडे खोटे, असा आक्षेप मी घेणार नाही. नीट निवडलेला नमुना लहान असला तरी चालतो. माझा आक्षेप मीटर काय मोजतं याला आहे. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखतं आणि कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी लागलेली होती ते नोंदवतं. घरातल्या माणसांनी आपापलं बटण दाबलं की कोण बघत होतं तेही कळतं. बस. त्या मिनिटाला ती बाई गुंतली होती की पोळी करपते म्हणून उठली होती, चिडली होती की सासूबाईंच्या हातात रिमोट होता म्हणून बसली होती, हे मीटरला कळत नाही. आणि पडद्यावर जे नव्हतंच, ते तिला आवडलं असतं का, हे तर कुठलंच मीटर सांगू शकत नाही.

साडेसातच्या वेळेचा विचार करा. एका वाहिनीवर सोशीक सून आणि कपटी जाऊ. दुसरीवर सोशीक बायको आणि कपटी मैत्रीण. तिसरीवर गरीब घरची सोशीक मुलगी आणि श्रीमंत घरची कपटी आत्या. यांतली एक पुढे जाणारच. गुरुवारी आकडा आला की बाकीच्या वाहिन्या तिच्यासारखी आणखी एक आणतात. पुढच्या वर्षी निवड आणखी अरुंद होते आणि आकडे पुन्हा तेच सांगतात. मागणी मोजली असं तुम्ही म्हणता. प्रत्यक्षात तुमच्याच पुरवठ्याचा प्रतिध्वनी मोजला गेलेला असतो. एखादी वेगळी मालिका आलीच, तर तिला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात तिला संध्याकाळी सहाला किंवा रात्री अकराला ढकलता, महिनाभरात गाशा गुंडाळायला लावता आणि ‘बघा, प्रयोग चालत नाहीत’ म्हणता.

अडॉर्नोचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. जॅझबद्दल त्याने जे लिहिलं ते चुकीचं होतं. त्या संगीताकडे त्याने नीट कान दिलाच नाही, सगळं त्याला एकसारखं ऐकू आलं. त्याच्या लिखाणात सामान्य प्रेक्षक फार निमूट दिसतो. आपल्याकडच्या बायका मालिका बघताना पात्रांना शिव्या घालतात, दिग्दर्शकाच्या चुका काढतात, जावेला फोन करून त्यावर बोलतात. त्यातही विचार आहेच. पण प्रत्येक वेळी तो तगतोच असं नाही. दूरदर्शनवर १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली. त्यातली भागवंती ही सगळं सोसणारी आई होती. असं सोसत राहिल्याने बाईचं काय होतं, ते दिसावं म्हणून हे पात्र घडवलं होतं. पुढे संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा अनेकांना भागवंती हाच आदर्श वाटला होता. सोशीक आईची पूजा करायची सवय इतकी मुरलेली होती, की पात्र टीकेसाठी उभं केलं आहे हे लक्षातच आलं नाही. त्या सवयीला त्यानंतरच्या चाळीस वर्षांत खतपाणी कुणी घातलं, हे सांगायला नको.

आणि तरीही, स्वतः अडॉर्नोने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी एक वेगळी नोंद केली आहे. हॉलंडच्या राजकन्या बिआट्रिक्स यांचं १९६६ मध्ये एका जर्मन मुत्सद्द्याशी लग्न झालं. जर्मन माध्यमांनी त्याचा प्रचंड गाजावाजा केला. लोक हा गाजावाजा जसाच्या तसा गिळतील असं अडॉर्नोच्या संस्थेतल्या संशोधकांना वाटत होतं. त्यांनी लोकांना विचारलं. लोकांनी सोहळा आवडीने बघितला होता. पण याचं राजकीय महत्त्व काय, असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी शहाणपणाने, अंतर राखून उत्तरं दिली. लोक बघतात, रमतात, पण पूर्ण विश्वास टाकत नाहीत, असं अडॉर्नोने १९६९ मध्ये लिहिलं. त्याला स्वतःच्या सिद्धांतापलीकडचं काहीतरी दिसलं आणि त्याने ते दडवलं नाही. आपल्याकडेही ती अंतर राखणारी बुद्धी शाबूत आहे, असा माझा अनुभव आहे. वर्गातली मुलं एकदा तो डोळे मिटायचा प्रयोग करतात आणि पुढच्या आठवड्यात आपल्या आईबरोबर करून येतात. आयांची उत्तरं मुलांपेक्षा तिखट असतात.

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. सगळ्या मालिका बंद करा असं मी म्हणत नाही, तुम्ही ते करणारही नाही. संध्याकाळच्या वेळांपैकी एक वेळ, फक्त एक, अशा गोष्टींना द्या ज्यांचा शेवट पहिल्या भागाच्या चित्रीकरणाआधी लिहून झालेला आहे. शंभर भाग ठरले तर शंभर, आणि ते प्रोमोमध्येच जाहीर करा. दूरदर्शनवर मालिका तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर होत. लेखकाला आपण कुठे निघालो आहोत हे माहीत असे, म्हणून मधल्या भागांत भरताड घालावी लागत नसे. ठरलेल्या शेवटाच्या गोष्टीत नायिका खरोखर घर सोडू शकते, कारण तिला परत आणायची गरज कुणालाच नसते. आकडे खाली आले तरी ती गोष्ट तिच्या वेळेवरून हलवू नका, आणि वर गेले तरी शंभराचे तीनशे करू नका. दुसरी अट विशेषतः पाळायला हवी, कारण आजवर चांगल्या मालिका बहुतेक यशानेच मारल्या आहेत.

आणि त्या एका मालिकेत पार्श्वसंगीत देणाऱ्याला सांगा, की पात्र बोलून झाल्याशिवाय वाजवायला सुरुवात करू नये. खर्च काहीच नाही. लोक चॅनल बदलतात का ते तुमच्याच मीटरवर, मिनिटामिनिटाला, तुम्हाला दिसेल. बदलले, तर ‘लोकांना हेच हवं असतं’ असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला पहिल्यांदाच मिळेल. तोवर कृपा करून ते वाक्य आमच्या नावावर खपवू नका.

कळावे,
आपली,
एक प्रेक्षक आणि शिक्षिका